100 क्विंटल धान दळलं तर एक क्विंटल तांदूळ नेमका कितीला पडतो? कनकी, कोंडा, तूस वजा करून पूर्ण हिशोब

गोंदिया-भंडाऱ्याकडे कुणाही मिलवाल्याला विचारा की बाबा तुझा तांदूळ कितीला पडला, तर तो लगेच आकडा सांगतो, पण तो आकडा कसा काढला हे विचारलं की गडबड सुरू होते. कुणी धानाचा भाव दीडपट करून सांगतो, कुणी 67 टक्क्यांनी भागतो, कुणी म्हणतो कनकी-कोंड्यात मिलिंग निघून जातं मग ते धरायचंच कशाला. तीन मिलर तीन उत्तरं देणार आणि तिघांचं धान एकाच मंडईतलं.

तर इथे एकच पद्धत नीट करून दाखवतो: अख्खा तांदूळ हा मुख्य माल, बाकी कनकी (तुमच्याकडे कणी म्हणत असतील), कोंडा आणि तूस हे जोडउत्पादन. म्हणजे लॉटवर झालेला सगळा खर्च एका ठिकाणी जमा करायचा, त्यातून जोडउत्पादनाचे हातात पडणारे निव्वळ पैसे वजा करायचे, आणि जे उरेल ते फक्त अख्ख्या तांदळाच्या क्विंटलनी भागायचं. ऐकायला एवढंच आहे, पण तीनही ठिकाणी लोक चुकतात.

खालचे भाव उदाहरणापुरते धरलेत. 2025-26 ची हमी साध्या धानाला 2,369 आणि ए ग्रेडला 2,389 रुपये आहे, बारीक धान खुल्या बाजारात बरेचदा त्याच्या वर जातं म्हणून मी 2,600 धरतोय. तुमच्या मंडईचा भाव टाका, पद्धत तीच राहते.

आधी लॉट पक्का करा

हिशोब महिन्याचा नको, लॉटचा करा. महिन्याचा केला की एचएमटी, 1010, जय श्रीराम सगळं एकात मिसळतं आणि कुठल्या धानाने पैसे दिले आणि कुठल्याने खाल्ले ते कधीच कळत नाही. एकाच जातीचं, साधारण एकाच ओलाव्याचं 100 क्विंटल धान घ्या. दळायला सुरू करायच्या आधी शेलरच्या वरची टाकी, एलिव्हेटरचे बूट, पॉलिशरचा हॉपर सगळं रिकामं करा, कारण आधीच्या लॉटचा दोन-तीन क्विंटल माल मशीनमध्ये अडकलेला असतो आणि तो या लॉटच्या तांदळात मोजला गेला की उतारा, म्हणजे धानातून निघालेला तांदूळ, एकदम मस्त दिसतो, पुढच्या लॉटचा उतारा मात्र तेवढाच कमी दिसतो आणि सगळे म्हणतात धान खराब आलं.

धान शेलरच्या तोंडाशी कितीला पोचलं

100 क्विंटल × 2,600 म्हणजे 2,60,000. बाजार फी, तोलाई, हमाली मिळून क्विंटलमागे 35 धरले तर 3,500, गाडीभाडं 40 ने 4,000. झाले 2,67,500.

आता इथे पहिली गळती. सरकारी खरेदीत 17 टक्के ओलाव्यापर्यंतचं धान चालतं, बाजारात पण साधारण तसंच येतं, दळायला मात्र ते 14 च्या आसपास लागतं. त्यात काडीकचरा, खडे, पोलं धान निघतं ते वेगळं. समजा साफसफाईत दीड क्विंटल गेलं, राहिलं 98.5. आता 17 वरून 14 वर आणलं तर वजन किती कमी होतं? पुष्कळ जण म्हणतात 3 टक्के, ते चूक. सुकं वजन तेवढंच राहतं, म्हणून 100 मधून ओलावा वजा करून भागायचं:

```
सुकल्यावरचं वजन = 98.5 × (100-17) / (100-14) = 95.06
```

म्हणजे साधारण 95 क्विंटल. तोलून बघा, हा आकडा आणि काटा यात अर्ध्या क्विंटलपेक्षा जास्त फरक आला तर ओलावा मोजायचं मीटर तरी चुकतंय नाहीतर धान कुठेतरी कमी झालंय.

वाळवण आणि साफसफाईची मजुरी 2,000 धरली तर 2,69,500 रुपयांना 95 क्विंटल, म्हणजे 2,600 चं धान शेलरच्या तोंडाशी 2,837 ला पडलं. अजून मशीनचं बटणही दाबलेलं नाही. म्हणून ओलं धान शंभर रुपये कमीने मिळालं म्हणून उड्या मारायच्या आधी हे गणित करून बघावं.

मिलिंगचा खर्च आणि व्याज

या 95 क्विंटलवर वीज 4,200, मजुरी 3,300, रबर रोल-चाळण्या-दुरुस्ती 1,450, आणि मशीन-शेडची घसारा-विम्याची वाटणी 3,400. एकूण 12,350, क्विंटलमागे 130. घसारा बरेच जण धरतच नाहीत, मशीन तर कधीच फिटलं म्हणतात. फिटलं असेल, पण एक दिवस पॉलिशर बदलावा लागणारच ना, त्याचे पैसे याच तांदळातून यायचेत.

रबर रोल ही गोष्ट वेगळी लिहून ठेवा असं मी म्हणेन. खरेदी केल्या दिवशी सगळा खर्च एकाच लॉटवर टाकू नका, एक जोडी किती क्विंटल धान ओढते ते बघून तेवढ्यावर वाटा.

मग व्याज. धान डिसेंबरमध्ये घेतलं आणि फेब्रुवारीत दळलं तर दोन महिने पैसे अडकले, महिना 1 टक्का धरून 2,67,500 वर 5,350. स्वतःचे पैसे असले तरी धरा.

इथपर्यंतचा सगळा एकत्र खर्च: 2,67,500 + 2,000 + 12,350 + 5,350 = 2,87,200. तांदळाचं पॅकिंग यात घेतलेलं नाही, ते मुद्दाम शेवटी येईल, कारण हा खर्च फक्त तांदळाचा आहे, कनकी-तुसाचा त्यात वाटा नाही.

काय काय निघालं ते तोला

आपल्या उदाहरणात 95 क्विंटलमधून असं निघालं:

- अख्खा तांदूळ 54
- मोठी कनकी 7, बारीक कनकी 4
- कोंडा 7.5
- तूस 21
- धूळ आणि हिशोबात न लागलेलं 1.5

बेरीज 95 आलीच पाहिजे. खरं तर तूस कुणी तोलत नाही, पंख्याने उडून ढिगावर जातं आणि मग बाकीचं सगळं वजा करून राहील ते तूस असं लिहितात. असं केलं की मोजमापाची सगळी चूक तुसात लपून बसते आणि बेरीज कायमच जुळते, म्हणजे तपासणी झालीच नाही. निदान हंगामात दोनदा तरी एखाद्या लॉटचं तूस पोत्यात भरून तोला. धानाच्या वजनात तूस साधारण 20 ते 22 टक्के असतं, तुमचं 26 यायला लागलं तर ढिगात हात घालून मूठभर उचला, बारीक तांदूळ आणि कोंडा दिसेल. पंख्याची हवा जास्त आहे, 2,000 रुपयांचा माल 300 रुपयांच्या भावाने उडतोय.

आणि लॉटमध्ये दोन टक्क्यांपेक्षा जास्त माल हिशोबाबाहेर गेला तर ती नेहमीची घट म्हणून पचवू नका, आधी शोधा. गोदामात पाणी शिरून दहा पोती सडली किंवा चोरीला गेली तर तो तोटा वेगळा लिहायचा, तांदळाच्या पडतळीत, म्हणजे तो कितीला पडला त्या आकड्यात, घालायचा नाही. नाहीतर त्या महिन्यात तुमचा तांदूळ महाग पडला असं दिसेल आणि तुम्ही उगाच भाव चढवून बसाल.

जोडउत्पादनाचे किती पैसे वजा करायचे

इथे नियम एकच, बाजारभाव नाही तर हातात पडणारे पैसे. बारदाना, दलाली, भराईची हमाली आधी कापायची.

मोठी कनकी 2,600 ने, बारीक 2,100 ने, दोन्हीवर क्विंटलमागे 80 खर्च. म्हणजे 7 × 2,520 = 17,640 आणि 4 × 2,020 = 8,080, मिळून 25,720. कोंडा 1,700 ने विकला, 60 खर्च, 7.5 × 1,640 = 12,300. तूस 300 ने, भराई 40, 21 × 260 = 5,460. सगळं मिळून 43,480.

मोठी आणि बारीक कनकी वेगळी तोला, एकत्र धरली की सरासरी भावाची गंमत होते, कारण लॉट खराब असतो तेव्हा नुसती कनकी वाढत नाही तर त्यातली बारीक जास्त वाढते.

तूस स्वतःच्याच बॉयलरला जळत असेल तर? उकडा तांदूळ करणाऱ्यांचा हा हमखास गोंधळ. तुसाचे 5,460 जमेला धरले तर बॉयलरचं इंधन म्हणून तेवढेच 5,460 खर्चातही धरा, किंवा दोन्हीकडे धरू नका. जमा धरली आणि इंधन फुकट दाखवलं तर तांदूळ कागदावर स्वस्त होतो. आणि अरव्याच्या, म्हणजे न उकडता दळलेल्या तांदळाच्या, लॉटचं तूस उकड्याच्या बॉयलरला गेलं असेल तर मात्र दोन्हीकडे लिहिणं भागच आहे, नाहीतर अरवा महाग आणि उकडा स्वस्त असं खोटंच चित्र दिसत राहील.

कोंड्याचा भाव दळल्या दिवसाचा धरा. कच्चा कोंडा ठेवला की त्यातल्या तेलाची आम्लता दिवसागणिक वाढत जाते, तेलवाला आधी तेच तपासतो आणि भाव कापतो, त्यामुळे पंधरा दिवसांचा साठलेला कोंडा आजच्या ताज्या भावाने जमा धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

कनकीचं उलट आहे, ती टिकते, पण तिचा भाव सरकारच्या एका आदेशाने हलतो. सप्टेंबर 2022 मध्ये कनकीची निर्यात बंद झाली, ती मार्च 2025 मध्ये उघडली. तेल काढलेल्या कोंड्याची निर्यातही जुलै 2023 मध्ये बंद केली होती. म्हणून मागच्या वर्षीचा ठोकताळा, की "जोडमालाचे क्विंटलमागे साडेचारशे सुटतात", तो तसाच पुढे ओढू नये. माल विकला गेला नसेल तर आजच्या भावापेक्षा थोडा कमीच धरावा आणि विक्री झाली की फरक त्याच लॉटच्या वहीत टाकावा.

आता भागाकार

2,87,200 मधून 43,480 गेले, राहिले 2,43,720. भागिले 54, आले 4,513. पॅकिंगचे क्विंटलमागे 45 मिळवा, 4,558 रुपये क्विंटल. हा मिलच्या दारातला भाव, वर विक्रीची दलाली आणि पुढचं भाडं तुमचं तुम्ही.

मोबाईलवर शीट करायची असेल तर B2 ते B5 मध्ये चार खर्च (धान पोच, वाळवण, मिलिंग, व्याज), B8 ते B11 मध्ये चार जमा (मोठी कनकी, बारीक कनकी, कोंडा, तूस), B14 मध्ये अख्खा तांदूळ क्विंटल, B15 मध्ये पॅकिंग, आणि हे सूत्र:

```
=(SUM(B2:B5)-SUM(B8:B11))/B14+B15
```

आता सगळ्यात महागात पडणारी चूक बघा. बरेच जण कनकीला तांदूळच धरतात, म्हणजे 54 + 11 = 65 क्विंटल तांदूळ निघाला म्हणतात, आणि फक्त कोंडा-तुसाचे 17,760 वजा करतात. 2,69,440 भागिले 65 म्हणजे 4,145. मग व्यापारी अख्ख्या तांदळाला 4,400 देतो म्हटल्यावर वाटतं अडीचशे सुटले, पॅकिंग गेलं तरी दोनशे आहेतच. प्रत्यक्षात 54 × 4,400 = 2,37,600 मिळाले, हवे होते 2,43,720. पॅकिंग सोडूनच 6,120 चा खड्डा, आणि वर्षअखेरीला सीएला विचारतात की धंदा तर जोरात होता, पैसे कुठे गेले.

65 आकडा उताऱ्यासाठी ठीक आहे, भागाकारासाठी नाही. कनकी 4,400 ने विकली जात नाही एवढं साधं कारण आहे.

पण कनकी परत तांदळात मिसळत असाल तर

तर तेवढी कनकी जोडउत्पादन राहत नाही. समजा 5 क्विंटल मोठी कनकी परत मिसळून हलक्या ग्रेडचा तांदूळ केला. आता भागायचं 59 ने, आणि कनकीची जमा फक्त उरलेल्या 2 मोठ्या आणि 4 बारीक क्विंटलची, म्हणजे 5,040 + 8,080 = 13,120. कोंडा-तुसाचे 17,760 मिळवून 30,880. 2,87,200 − 30,880 = 2,56,320, भागिले 59, साधारण 4,344, अधिक पॅकिंग. कनकी मिसळून पण घेतली आणि विकल्याची जमा पण धरली असं करू नका, एकच कनकी दोनदा खायची नाही. मिसळून फायदा झाला की नाही हे 4,344 आणि 4,513 मधल्या फरकावरून ठरत नाही, तर 59 क्विंटल हलक्या भावाने विकून आलेले पैसे आणि 54 क्विंटल चढ्या भावाने अधिक कनकीचे पैसे, यांची तुलना करून ठरतं.

कुठला आकडा हलला की पडतळ किती हलते

तुसाचा भाव 300 चा 200 झाला तर जमा 2,100 ने कमी, तांदळावर क्विंटलमागे 39 रुपये. लोक यावर चहाच्या टपरीवर तासभर बोलतात.

आता अख्खा तांदूळ 54 च्या जागी 50 निघाला, ते 4 क्विंटल कनकीत गेले. ती कनकी निव्वळ 2,320 ने गेली धरू, 9,280 जास्त जमा. 2,34,440 भागिले 50 म्हणजे 4,689. क्विंटलमागे 175 रुपयांनी महाग, आणि एकूण उतारा तोच 65! वहीत उतारा बघणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसणार नाही. उलटं करून बघा, असलं तुटणारं धान तुम्हाला आधीच्याच पडतळीत बसवायचं तर ते खरेदीत क्विंटलमागे साधारण 86 रुपयांनी स्वस्त मिळायला हवं. भाव करताना हा आकडा खिशात पाहिजे.

म्हणून खरेदीच्या वेळी नमुना दळून बघणं हे सगळ्यात जास्त पैसे वाचवणारं काम आहे. वरच्या एका पोत्यातून नाही, गाडीच्या वेगवेगळ्या पोत्यांतून परखीने धान काढा, मिसळा, छोट्या टेस्ट मशीनवर सोला. सोललेले 100 दाणे उजेडासमोर धरा आणि आडवी बारीक चीर किती दाण्यांत दिसते ते मोजा. चिरलेला दाणा पॉलिशरमध्ये शिरला की तुटणार, मशीन कितीही भारी असू दे. ही चीर बहुतेक वेळा मिलमध्ये यायच्या आधीच पडते: पिकून जास्त दिवस उभं राहिलेलं धान दिवसा कडक वाळतं आणि रात्री दव पितं, किंवा कापून डांबरी रस्त्यावर भर उन्हात पसरतात आणि दोन दिवसांत 14 च्या खाली नेतात. मिलवाल्यांनीही वाळवताना तीच घाई केली तर तोच परिणाम.

नमुना चांगला होता पण लॉटमध्ये कनकी जास्त निघाली, तर दोष आपल्या मशीनचा. टप्प्याटप्प्याने नमुना काढा, एक शेलरनंतर, एक पहिल्या पॉलिशनंतर, एक दुसऱ्यानंतर, आणि प्रत्येकात तुटलेले दाणे बघा. शेलरनंतरच जास्त असतील तर रोल जवळ आलेत किंवा झिजून गुळगुळीत झाल्यामुळे मिस्त्रीने ते जास्त आवळलेत. पॉलिशनंतर उडी मारली तर पॉलिशरचा दाब जास्त, एकाच पासमध्ये सगळी सफेदी काढायचा हट्ट चाललाय. दाब थोडा सोडून दोन पासमध्ये वाटला तर वीज थोडी वाढेल, पण वर बघितलंच की 4 क्विंटल अख्ख्या तांदळाची किंमत काय आहे.

सरकारी धानाचं गणित वेगळं

पणन महासंघ किंवा आदिवासी विकास महामंडळाचं धान कस्टम मिलिंगला घेत असाल तर वरचा हिशोब तसाच लावू नका. तिथे धान तुमचं नाही, म्हणून धानाची किंमत खर्चात येत नाही. अरवा असेल तर 100 किलो धानामागे 67 किलो, उकडा असेल तर 68 किलो तांदूळ ठरलेल्या दर्जाचा परत द्यायचा असतो, आणि त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत कनकी चालते. तिथे जोडउत्पादन हेच मिलरचं मुख्य उत्पन्न, आणि भीती अख्ख्या तांदळाची नाही तर 67 पूर्ण भरण्याची. आपल्या उदाहरणातल्या 100 क्विंटलमधून एकूण 65 च निघाले होते, म्हणजे तेच धान सरकारी असतं तर 2 क्विंटल तांदूळ बाहेरून घेऊन भरावा लागला असता. त्या 2 क्विंटलची किंमत आणि मिलिंगचे 12,350 एका बाजूला, मिलिंगचा दर अधिक कोंडा-तूस आणि कनकी उरलीच तर ती दुसऱ्या बाजूला, असा तो हिशोब मांडायचा, आणि धान उचलतानाच ओलावा मीटरवर दाखवून पावतीवर लिहून घ्यायचा, कारण 17 वरचं प्रत्येक टक्का पाणी हे त्या 67 मधून कापलं जाणार असतं.